३१ आयडिया, तिघं जण आणि तीन महिने: मेसच्या अ‍ॅपचा रोडमॅप आम्ही कसा ठरवला

पार्श्वभूमी

आमचं अ‍ॅप छोटं आहे, पुण्यातल्या मेस आणि डबेवाल्या काकूंसाठी. रोज कोण जेवलं, कोणाचा खाडा, महिन्याच्या शेवटी कोणाचं किती बिल, एवढंच त्यात होतं. टीममध्ये तिघं. एक अँड्रॉइडवाला पूर्ण वेळ, सर्व्हरचं बघणारी एक मैत्रीण अर्धा वेळ (ती दुसरीकडे पण काम करते) आणि मी. मी कोड लिहीत नाही, मेसवाल्यांशी बोलणं, फोन घेणं, काय बनवायचं ते ठरवणं हे माझ्याकडे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, आकडे मात्र आमच्याच वहीतले आहेत.

जूनच्या शेवटी १२० मेस अ‍ॅप रोज उघडत होत्या. पण महिन्याचं बिल अ‍ॅपवरून काढणाऱ्या फक्त ५२. म्हणजे बाकीचे महिनाभर हजेरी टाकायचे आणि ३० तारखेला परत वहीवर बसायचे. आमच्यासाठी हीच सगळ्यात दुखरी गोष्ट होती, कारण जो बिल अ‍ॅपवर काढतो तो टिकतो आणि पैसे भरतो, आणि जो वहीवर जातो तो दोन महिन्यांत हजेरी टाकायची पण बंद करतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असा तीन महिन्यांचा रोडमॅप करायचा आणि सप्टेंबरचं बिल निदान ८५ मेसने अ‍ॅपवर काढलं पाहिजे, असं आम्ही ठरवलं.

अडचण

आयडियांची कमी नव्हती. फोनवर लोकांनी मागितलेल्या, प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूमधल्या, आमच्या डोक्यातल्या अशा सगळ्या मिळून ३१ निघाल्या. पहिल्या दिवशी बोर्डवर चार चौकोन काढले, एका बाजूला परिणाम, दुसऱ्या बाजूला मेहनत, आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. तासाभराने बघतो तर ३१ पैकी १९ चिठ्ठ्या एकाच चौकोनात, परिणाम जास्त मेहनत कमी. म्हणजे त्या बोर्डवरून काहीच ठरत नव्हतं.

असं का झालं ते नंतर कळलं. परिणाम जास्त म्हणजे नेमकं कशावर परिणाम, हे आम्ही ठरवलंच नव्हतं, त्यामुळे ज्याला जी आयडिया आवडली त्याने ती वर लावली. आणि मेहनत मी सांगत होते, जिला कोड लिहायचाच नाही. अँड्रॉइडवाला मध्येमध्ये "होईल ना, दोन दिवसांचं आहे" म्हणत होता, पण त्या दोन दिवसांत त्याने फक्त स्क्रीन बनवायचा वेळ धरला होता. जुन्या फोनवर टेस्टिंग, मराठी मजकूर, प्ले स्टोअरवर टाकणं आणि त्यानंतर आठवडाभर येणारे "हे कसं करायचं" विचारणारे फोन, यातलं काहीच धरलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, जो जास्त फोन करतो त्याचं आधी. एका काकांच्या तीन शाखा आहेत, त्यांना आठवड्याचा मेनू अ‍ॅपमध्ये टाकायचा होता आणि ते दर सोमवारी फोन करायचे. त्यांचं बनवलं असतं तर ते खूश झाले असते, पण मेनू टाकल्याने बिल काढणारे वाढले असते का? याचं उत्तर आमच्या कोणाकडेच नव्हतं.

दुसरा पर्याय, एकच मोठं काम घ्यायचं. ग्राहकाने स्वतःच्या फोनवरून स्वतःचा खाडा टाकायचा, ही माझी लाडकी आयडिया होती. तीन महिने तेच करू असं मी दोनदा म्हटलं.

तिसरा, नीट आकडे लावायचे. इंटरकॉम कंपनीच्या प्रॉडक्ट टीमने मांडलेली राइस पद्धत आम्हाला माहीत होती. किती लोकांपर्यंत पोचेल, प्रत्येकावर किती परिणाम, आपल्याला किती खात्री, आणि मेहनत किती. पहिल्या तिघांचा गुणाकार, भागिले मेहनत. आम्ही हाच घेतला आणि आमच्यापुरता असा लिहिला:

```
गुण = (मेस × परिणाम × खात्री) ÷ दिवस
```

परिणाम १, २ किंवा ३, खात्री ५०, ८० किंवा १०० टक्के, दिवस म्हणजे एका माणसाचे कामाचे दिवस. आणि परिणाम म्हणजे फक्त एकच गोष्ट, ती मेस महिन्याचं बिल अ‍ॅपवर काढेल का. बाकी सगळं चांगलं असेल, पण या गुणात धरायचं नाही. एवढ्या एका अटीवर ३१ मधल्या १२ आयडिया आपोआप गळल्या, कारण त्यांचा बिलाशी काय संबंध ते एका ओळीत लिहिताच येईना. मेनूवाली त्यातच गेली.

काय केलं: पहिली यादी आणि तिच्यातल्या चुका

पहिल्यांदा गुण काढल्यावर जे वर आलं ते बघून आम्ही गप्प झालो. सगळ्यात वर डार्क थीम. सगळ्या १२० मेसना दिसणार, परिणाम सगळ्यात कमी म्हणजे १, खात्री १०० टक्के, काम २ दिवसांचं, म्हणून गुण ६०. त्याखाली बिलासोबत यूपीआयचा क्यूआर ३८, मग बँकेचा एसएमएस वाचून पैसे आपोआप जमा दाखवणं ३०, सगळ्यांना एकदम सुट्टी टाकायचं बटण २४, मागची बाकी पुढच्या बिलात ओढणं २४. ग्राहकाने स्वतः खाडा टाकणं ७ वर, आणि प्रत्येक मेसचे खाड्याचे नियम अ‍ॅपमध्ये भरता येणं, हे ५ गुणांवर तळाला.

डार्क थीम वर येते म्हणजे आकड्यांची पट्टीच चुकली आहे. भागाकार आहे ना, खाली २ दिवस असले की बारीकसारीक काहीही तरंगून वर येतं. आणि आमच्या पट्टीत सगळ्यात कमी परिणाम १ होता, म्हणजे जवळजवळ शून्य परिणामाच्या गोष्टीला पण मोठ्या परिणामाच्या एक तृतीयांश गुण मिळत होते. मूळ राइसमध्ये खाली ०.५ आणि ०.२५ पण असतात, ते आम्ही सोपं करायच्या नादात उडवले होते. परत आणले, आणि डार्क थीम ६० वरून १५ वर आली. कोणी अशी शीट बनवत असेल तर वर आलेल्या पहिल्या तीन गोष्टी मोठ्याने वाचा आणि विचारा की हे केलं तर खरंच आपला आकडा हलेल का. नाही वाटलं तर पट्टी तपासा, मात्र आपल्याला हवी तीच गोष्ट वर यावी म्हणून एकेक गुण ढकलत बसू नका. तो मोह मला झाला होता, खाड्याच्या आयडियासाठी.

मग मेहनत. इथे नियम केला की दिवस तोच सांगणार जो काम करणार, आणि सांगताना प्रत्येक कामाला "आपल्या हातात नसलेलं काय आहे" हा प्रश्न विचारायचा. एसएमएसवाल्या आयडियाला याचा फटका बसला. कोड ६ दिवसांचा होता, ते खरं, पण लोकांचे एसएमएस वाचायची परवानगी गुगल प्ले कोणत्याही अ‍ॅपला सहज वापरू देत नाही, त्यासाठी वेगळा फॉर्म भरून कारण द्यावं लागतं आणि मंजुरीची वाट बघावी लागते, नाही मिळाली तर अपडेटच अडकतं. हे सगळं धरून दिवस १८ झाले. वर आणखी एक गोष्ट दहा-बारा मेसना फोन केल्यावर कळली. अ‍ॅप काकूंच्या फोनवर असतं आणि बँकेचा मेसेज काकांच्या किंवा मुलाच्या फोनवर येतो, निम्म्या ठिकाणी तरी. म्हणून मेसचा आकडा १२० चा ६० केला. गुण ३० वरून ५. ज्या आयडियावर आम्ही जुलैचा अख्खा महिना घालवणार होतो ती दहा-बारा फोन करून आणि एक पॉलिसीचं पान वाचून खाली गेली.

काय केलं: कागदावरची चाचणी

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथला. ग्राहकाने स्वतः खाडा टाकणं, परिणाम ३, दिवस २६, खात्री ५० टक्के. परिणाम मोठा आणि मेहनत पण मोठी, अशा गोष्टीचं काय करायचं हे चौकोन सांगत नाही. मैत्रीण म्हणाली, खात्री ५० आहे ना, मग आधी खात्री वाढवू किंवा कमी करू, कोड नंतर. म्हणून दोन मेसमध्ये दोन आठवडे साधा गूगल फॉर्म चालवला. ग्राहकाने नाव आणि तारखा टाकायच्या, मी रोज रात्री ते बघून अ‍ॅपमध्ये हाताने खाडे टाकायचे. खर्च शून्य दिवस, फक्त माझा रोजचा अर्धा तास.

पाचव्याच दिवशी कर्वेनगरच्या काकूंचा फोन. "अगं, तो तुझा फॉर्म बंद कर आधी. सकाळी दहाला खाडा टाकतायत पोरं, माझी भाजी झालेली असते तोवर." मी संध्याकाळी तिथे गेले. काकूंनी भिंतीवरचा कागद दाखवला, तेलाचे डाग पडलेला, स्केचपेनने लिहिलेला: खाडा आदल्या रात्री ९ पर्यंत सांगावा, सलग ३ दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही, महिन्यात जास्तीत जास्त ८ खाडे. मग त्यांनी वही काढली आणि मागच्या महिन्याचं एका मुलाचं बिल दाखवलं. अ‍ॅप म्हणत होतं ७ खाडे, काकूंच्या हिशोबाने ४, कारण एकदा एकच दिवस आणि एकदा दोनच दिवस गैरहजर होता. त्या दर महिन्याला अ‍ॅपचं बिल बघायच्या, ते चुकीचं दिसायचं, आणि वहीवर बसायच्या.

म्हणजे बिल अ‍ॅपवर न काढण्याचं कारण खाडा कोण टाकतो हे नव्हतंच. खाडा कधी धरायचा हे अ‍ॅपला माहीत नव्हतं. दुसऱ्या मेसमध्ये विचारलं तर तिथे सलग २ दिवसांचा नियम. मग आणखी आठ ठिकाणी फोन केले, प्रत्येकाकडे काही ना काही नियम होता, आणि कोणीच आम्हाला तो कधी सांगितला नव्हता कारण त्यांना वाटायचं अ‍ॅपमध्ये हे होत नसतं.

तळाला पडलेली आयडिया परत मांडली. आधी आम्ही धरलं होतं ४० मेस, परिणाम १, खात्री ५० टक्के, ४ दिवस, म्हणून गुण ५. आता १२० मेस, परिणाम ३, खात्री ८०, आणि नीट विचार करून ७ दिवस. गुण ४१, पहिला नंबर. माझी लाडकी आयडिया आम्ही या तीन महिन्यांतून काढून टाकली. काकूंचा तो कागद बघितल्यावर मला त्याचं वाईट वाटलं नाही.

काय केलं: दिवस किती आहेत आणि कधी काय

गुण लागले म्हणजे रोडमॅप झाला असं नाही, आधी हातात दिवस किती ते बघावं लागतं. १३ आठवडे, अँड्रॉइडवाल्याचे ६५ दिवस, मैत्रिणीचे अर्धे म्हणजे ३२, एकूण ९७. गणपती आणि बाकी सुट्ट्या ७ गेल्या, उरले ९०. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी बघितल्या तर एक तृतीयांश वेळ बग आणि फोनमध्ये गेला होता, म्हणजे उरले ६०. आणि त्याच नोंदींत ज्या कामांना आम्ही एकूण ४१ दिवस म्हटलं होतं त्यांना ६३ लागले होते, साधारण दीडपट. म्हणून ६० भागिले दीड, ४०. म्हणजे आमच्या अंदाजाच्या भाषेत फक्त ४० दिवसांचं काम बसतं. ९७ आणि ४० मध्ये केवढा फरक आहे बघा, आणि आधीचे सगळे रोडमॅप आम्ही ९७ धरून केले होते.

त्यात मावलं ते असं: क्यूआर ५ दिवस, एकदम सुट्टी ४, खाड्याचे नियम ७, मागची बाकी ८, आणि नवीन मेससाठी फोनबुकमधून ग्राहक उचलणं ४. एकूण २८. बाकीचे १२ मोकळे ठेवले. अँड्रॉइडवाल्याला ते पटत नव्हतं, त्याला अजून एक काम घालायचं होतं, पण आम्ही दोघी ठाम राहिलो.

क्रम लावताना मात्र गुण बाजूला ठेवावे लागले. एक, मेसवाले २५ तारखेनंतर नवीन काही शिकत नाहीत, त्यामुळे महिन्याच्या बिलावर परिणाम हवा असेल तर गोष्ट २० तारखेपर्यंत त्यांच्या हातात पाहिजे. एकदम रिलीज न करता आधी थोड्या टक्के लोकांना द्यायचं म्हटलं की तीन-चार दिवस आणखी आधी. दुसरं, सण. त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटी होते, मुलं गावी जातात, चाळीस जणांना एकेक करून पाच दिवसांचा खाडा टाकायचा म्हणजे काकूंची रात्र जाते. एकदम सुट्टीचं बटण गुणांनी मागे होतं, पण ते गणपतीनंतर आलं असतं तर त्याचा उपयोग थेट दिवाळीला. परिणाम आणि मेहनत या दोन रकान्यांत तारीख कुठे बसतच नाही. म्हणून शीटमध्ये "या तारखेनंतर उपयोग नाही" असा एक रकाना वाढवला, आणि ज्या ओळीत तारीख आहे ती आधी.

शेवटी जुलैमध्ये क्यूआर (ते लगेच बनणारं होतं आणि चाचणीचा निकाल यायचा होता), ऑगस्टमध्ये सुट्टीचं बटण आणि खाड्याचे नियम, सप्टेंबरमध्ये मागची बाकी आणि फोनबुक.

काय झालं

जुलैचं बिल ६१ मेसनी अ‍ॅपवर काढलं, ऑगस्टचं ६६, सप्टेंबरचं ७९. ८५ चं ठरवलं होतं, ते झालं नाही.

क्यूआर फसला. बिलाच्या फोटोत खाली हा मजकूर असलेला क्यूआर होता, रक्कम आधीच भरलेली:

```
upi://pay?pa=<UPI ID>&pn=<Name>&am=2850.00&cu=INR
```

आम्ही लॅपटॉपच्या स्क्रीनवर बिल उघडून फोनने स्कॅन करून बघितलं, मस्त चाललं. पण ग्राहकाला बिल व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याच फोनमध्ये येतं, आणि स्वतःच्या फोनवरचा क्यूआर त्याच फोनने स्कॅन कसा करणार? फोटो सेव्ह करा, पेमेंट अ‍ॅप उघडा, गॅलरीतून उचला, आणि असं गॅलरीतून उचललं की काही वेळा रकमेच्या मर्यादेत पण अडकतं. मेसचं बिल अडीच-तीन हजार. पोरं सरळ काकूंचा नंबर शोधून पैसे पाठवत होती, आधीसारखीच. नंतर बिलाच्या मेसेजमध्ये यूपीआय आयडी कॉपी करता येईल असा साध्या अक्षरांत टाकला, दोन तासांचं काम, तो जास्त वापरला गेला. जुलैमध्ये जे ९ वाढले ते बहुतेक नवीन ॲडमिशनच्या गर्दीमुळे, क्यूआरमुळे नाही असं मला वाटतं.

सुट्टीच्या बटणाने गणपतीत काकू खूश झाल्या, पण त्यात सगळ्यांनाच सुट्टी लागत होती आणि नोकरीवाले दोन-चार जण पुण्यातच होते, जेवत होते. त्यांची नावं वगळायची सोय नव्हती. चार दिवसांत दुरुस्त केलं, ते मोकळे ठेवलेले १२ दिवस इथे आणि नियमांच्या बगमध्ये गेले. नियमांना ७ ऐवजी ११ दिवस लागले, कारण ३१ दिवसांच्या महिन्यात ३० तारखेला सुरू होऊन पुढच्या महिन्याच्या २ तारखेला संपणारा खाडा सलग ४ दिवसांचा की दोन महिन्यांत दोन-दोन दिवसांचा, हे आम्ही विचारातच घेतलं नव्हतं. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या "सलगच की." म्हणून ते ऑगस्टच्या २० ऐवजी २८ ला गेलं आणि ऑगस्टच्या बिलाला अर्धंच उपयोगी पडलं. सप्टेंबरमध्ये ज्या मेसनी स्वतःचे नियम भरले होते त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी बिल अ‍ॅपवर काढलं. फोनबुकचं काम ऑक्टोबरवर गेलं.

परत केलं तर वेगळं काय

खात्रीचा रकाना आम्ही मनाने भरला होता. क्यूआरला ८० टक्के का दिले, तर आम्हा तिघांनाही ते छान वाटलं म्हणून. आता नियम असा आहे की ८० लिहायचे तर निदान दोन मेसमध्ये ती गोष्ट खऱ्या माणसाच्या खऱ्या फोनवर होताना बघितलेली पाहिजे, कोणी फक्त "हो, आवडेल" म्हटलं तर ५०. या नियमाने क्यूआरचे गुण ३८ वरून २४ झाले असते, आणि एकदम सुट्टी आणि मागची बाकी हे दोन्ही पण ५० टक्के खात्रीवरच गेले असते, म्हणजे नंबर फारसे बदलले नसते. पण चाचणी करावी लागली असती, आणि स्वतःच्याच फोनवर क्यूआर स्कॅन होत नाही हे पाच मिनिटांत दिसलं असतं.

दुसरं, यादी करण्याआधी मी ३० तारखेच्या रात्री एका मेसमध्ये बसायला हवं होतं. जूनची ३० गेल्यावर आम्ही यादी केली, आणि खाड्याच्या नियमांचं जे जुलैमध्ये योगायोगाने कळलं ते त्या एका रात्रीत कळलं असतं. नियम जुलैमध्येच आले असते तर ८५ झालं असतं का, हे खात्रीने सांगता येणार नाही, पण दोन महिन्यांची बिलं जास्त मिळाली असती.

तिसरं, काम ५ दिवसांपेक्षा मोठं असेल तर त्याचा अंदाज एकट्या अँड्रॉइडवाल्याने करायचा नाही, मैत्रिणीने पण वेगळा कागदावर लिहायचा आणि मग दोघांनी एकदम उघडायचा. नियमांच्या कामाला नंतर सहज विचारलं तर ती म्हणाली तिच्या डोक्यात १२ होते, पण त्याने ७ म्हटल्यावर ती बोलली नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या शीटमध्ये पहिली तारखेची ओळ दिवाळीची आहे. कर्वेनगरच्या काकूंकडे येत्या ३० तारखेला रात्री आठला जायचं ठरलंय, वही आणि फोन दोन्ही समोर ठेवून बिलं काढायला.